सा-म-सां गाणारी मेट्रो आणि तिचा चॉपर

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराची मेट्रो संपूर्णपणे भुयारातून धावते. तिथल्या एमआर-73 या मालिकेतली गाडी स्टेशनातून निघाली की फलाटावर तीन स्वर स्पष्ट ऐकू येतात. खालचा, त्याच्यावरचा आणि मग आणखी वरचा. मॉन्ट्रियलकरांना हे स्वर इतके जिव्हाळ्याचे वाटतात की नंतर आलेल्या अझुर गाड्यांत दारे बंद होण्याची सूचना म्हणून तेच तीन स्वर मुद्दाम बसवण्यात आले. जुन्या गाडीत मात्र ते कुणी ठरवून बसवलेले नव्हते. 1976 पासून धावणाऱ्या त्या गाडीच्या पोटातल्या चॉपर नावाच्या यंत्रणेचा तो आवाज होता.

हा चॉपर मोटरला जाणारी वीज सेकंदाला ठराविक वेळा तोडतो आणि जोडतो. गाडी निघताना तोडण्या-जोडण्याचा हा वेग पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: सेकंदाला 90 वेळा, मग 120, 180, 240 आणि शेवटी 360. पहिल्या दोन पायऱ्या गोंगाटात विरून जातात. उरलेल्या तीन कानावर पडतात. 180 ला षड्ज मानला तर 240 हा नेमका शुद्ध मध्यम होतो आणि 360 हा तार षड्ज. म्हणजे गाडी सा-म-सां म्हणत निघते. पण वीज तोडायचीच कशाला, आणि तोडण्याचा वेग एकदम 360 वर न नेता पायऱ्यांनी का वाढवायचा? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना डीसी मोटरवर चालणाऱ्या मेट्रोचे जवळजवळ सगळे गणित उलगडते.

सुरुवात मोटरपासून करायला हवी. जवळपास शंभर वर्षे जगभरच्या लोकल, ट्राम आणि मेट्रो गाड्या ‘डीसी सिरीज’ मोटरवर चालल्या. हिच्यात फिरणारा भाग, म्हणजे आर्मेचर, आणि चुंबकीय क्षेत्र तयार करणारी फील्डची गुंडाळी या दोन्हींतून एकच करंट एकापाठोपाठ एक जातो. त्यामुळे करंट वाढला की आर्मेचरचा जोर वाढतो आणि चुंबकही बळकट होते. निघताना शेकडो टनांची गाडी जागची हलवायला असाच जोर लागतो. फिरायला लागलेली मोटर स्वतःच्या आत एक उलटा व्होल्टेज तयार करते. गाडीचा वेग वाढतो तसा तोही वाढतो आणि येणाऱ्या करंटला अडवू लागतो.

अडचण उभ्या गाडीची आहे. तेव्हा उलटा व्होल्टेज शून्य असतो. मोटरच्या तांब्याचा स्वतःचा रेझिस्टन्स फारच कमी, साधारण एक दशांश ओहमच्या आसपास. अशी मोटर थेट 750 व्होल्टला जोडली तर हजारो अॅम्पिअरचा करंट उसळेल, चाके जागच्या जागी घसरतील आणि मोटर जळेल. तिला सुरुवातीला हवे असतात फक्त तीसेक व्होल्ट. मग वेग वाढेल तसे हळूहळू जास्त. पण थर्ड रेल किंवा वरची तार असे मोजून-मापून देत नाही. तिथे कायम 750 किंवा 1500 व्होल्ट उभे असतात.

जुना उपाय सोपा होता. मोटरच्या आधी मोठमोठे रेझिस्टन्स जोडायचे, जादा व्होल्टेज त्यांच्यात जिरवायचा आणि वेग वाढेल तसे ते एकेक करून वगळायचे. हे काम एक फिरता दांडा करतो. त्याच्यावरचे उंचवटे ठराविक क्रमाने संपर्क उघडतात आणि बंद करतात. यालाच कॅमशाफ्ट म्हणतात. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी 1500 व्होल्ट डीसीवर पहिली लोकल धावली आणि एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावरून डीसी कायमची गेली. या काळातल्या मुंबईच्या बहुतेक डीसी लोकल याच पद्धतीने चालल्या. जुन्या लोकलमध्ये निघताना जे लागोपाठ छोटे हिसके बसत, त्यांतला प्रत्येक हिसका म्हणजे वगळला गेलेला एक रेझिस्टन्स होता.

या पद्धतीत किती वीज जळते ते पाहण्यासारखे आहे. दोन मोटरींची गाडी घेऊ आणि तिचा करंट कायम तेवढाच राखून तिला वेगात आणू. चाकांपर्यंत 2 युनिट ऊर्जा पोहोचवायची आहे. दोन्ही मोटरी पहिल्यापासून पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज मिळेल अशा जोडल्या तर गाडी लाइनमधून 4 युनिट खेचते. निम्मी वीज रेझिस्टन्सची जाळी तापवण्यात जाते.

इथेच सिरीज-पॅरललची युक्ती कामाला येते. पहिल्या निम्म्या वेगापर्यंत मोटरी सिरीजमध्ये, एकीमागे एक जोडायच्या. एकच करंट दोघींतून जातो आणि लाइनवरचा भार निम्मा होतो. प्रत्येकीला निम्मा व्होल्टेज मिळाला की मग त्या पॅरलल करायच्या. आता त्याच 2 युनिट कामासाठी 3 युनिट लागतात आणि जळते ते 1 युनिट. एकही नवा भाग न घालता, केवळ जोडणी बदलून नासाडी निम्म्यावर आली. विजेच्या गाड्यांच्या इतिहासात इतक्या स्वस्तात एवढी बचत करणारी दुसरी युक्ती सापडणे कठीण आहे. म्हणूनच मॅनहॅटनपासून मुंबईपर्यंत ती सगळीकडे रुजली.

तरीही एक युनिट जळतच होते. शिवाय थांबताना गाडीची सगळी गतिऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जात होती. उघड्यावरच्या गाडीखालून वारा वाहतो, तिथे ही उष्णता कुणाला जाणवत नाही. भुयारात ती कुठे जाणार? दर दोन-तीन मिनिटांनी गाडी येते, निघताना तापते, थांबताना तापते आणि तिची उष्णता भुयाराच्या हवेत, भिंतीत आणि शेवटी मातीत मुरत जाते.

टोकियोमध्ये हा प्रश्न नेटाने हाती घेतला गेला. तिथल्या भुयारी रेल्वेची चियोदा लाइन 1969 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. या लाइनसाठी 6000 मालिकेच्या गाड्या तयार करताना रेझिस्टन्स हटवून थायरिस्टर चॉपर बसवला गेला आणि ब्रेक लावताना तयार होणारी वीज लाइनमध्ये परत पाठवण्याची सोय केली गेली. 1971 पासून या गाड्या मोठ्या संख्येने धावू लागल्या. वीज परत करणाऱ्या चॉपर गाड्यांचे एवढ्या प्रमाणावर उत्पादन जगात त्याआधी झाले नव्हते. त्याच लाइनवर जपानच्या राष्ट्रीय रेल्वेच्या, रेझिस्टन्सवर चालणाऱ्या गाड्याही येत असत. एकाच भुयारात दोन्ही जातीच्या गाड्या असल्यामुळे फरक लपणे शक्य नव्हते. 1982 पासून राष्ट्रीय रेल्वेनेही तिथे चॉपरच्याच गाड्या आणल्या.

चॉपर म्हणजे मूळ कल्पनेत एक अतिशय चपळ स्विच. तो चालू असतो तेव्हा मोटरला पूर्ण 750 व्होल्ट मिळतात, बंद असतो तेव्हा शून्य. मधले काही नाही. प्रत्येक फेरीतला जितका वाटा तो चालू असतो, त्या प्रमाणाला ड्यूटी रेशो म्हणतात. फेरीचा दहावा भाग चालू ठेवला तर ड्यूटी रेशो 10 टक्के आणि मोटरला सरासरी 75 व्होल्ट. अर्धा भाग चालू ठेवला तर 375. सूत्र एवढेच:

V_m = D × V

इथे V म्हणजे लाइनचा व्होल्टेज, D म्हणजे ड्यूटी रेशो आणि V_m म्हणजे मोटरला मिळणारा सरासरी व्होल्टेज.

पण तोडलेल्या व्होल्टेजने मोटर गचके खात का नाही? कुंभार काठीने चाकाला मधूनमधून गती देतो आणि चाक मधल्या वेळेतही फिरतच राहते, तसेच इथे करंटचे होते. मोटरच्या गुंडाळ्या आणि जोडीला बसवलेले रिअॅक्टरचे जाड वेटोळे करंटला एकदम वाढू देत नाहीत आणि एकदम पडूही देत नाहीत. स्विच बंद झाला तरी करंटला वाहायचेच असते. त्याच्यासाठी मोटरच्या दोन टोकांमध्ये एक डायोड जोडलेला असतो. स्विच बंद असताना करंट या डायोडमधून मोटरीतच गोल फिरत राहतो.

या साध्या डायोडमुळे एक विलक्षण गोष्ट घडते. उदाहरणादाखल 750 व्होल्टची लाइन, प्रत्येकी 0.1 ओहमच्या दोन मोटरी आणि 300 अॅम्पिअर करंट धरू. हे आकडे कुठल्या एका गाडीचे नाहीत, पण मेट्रोला शोभतील असे आहेत. गाडी उभी आहे आणि मोटरी सिरीजमध्ये आहेत. दोघींच्या मिळून 0.2 ओहममधून 300 अॅम्पिअर ढकलायला 60 व्होल्ट पुरतात. म्हणजे ड्यूटी रेशो फक्त 8 टक्के. मोटरींतून 300 अॅम्पिअर वाहत असतात, लाइनमधून मात्र सरासरी 24 अॅम्पिअर येतात, म्हणजे जेमतेम 18 किलोवॉट. रेझिस्टन्सच्या गाडीने याच क्षणी पूर्ण 300 अॅम्पिअर, म्हणजे 225 किलोवॉट खेचले असते आणि त्यातले 207 भुयाराला वाटून टाकले असते.

आता मॉन्ट्रियलच्या पायऱ्यांकडे वळू. त्या काळचा स्विच म्हणजे थायरिस्टर, आणि त्याच्या स्वभावात एक खोट आहे. गेटवर छोटा सिग्नल दिला की तो चालू होतो. बंद व्हायला मात्र तो सिग्नलचे ऐकत नाही. त्याच्यातला करंट बाहेरून शून्यावर आणावा लागतो आणि काही काळ उलटा दाब देऊन धरावा लागतो. त्यासाठी शेजारी एक कपॅसिटर भरून ठेवतात आणि दुसरा छोटा थायरिस्टर पेटवून तो मुख्य थायरिस्टरवर उलटा रिकामा करतात. याला कम्युटेशन म्हणतात. कपॅसिटर पुन्हा योग्य दिशेने भरायला वेळ लागतो. म्हणून एकदा चालू केलेला चॉपर ठराविक वेळेच्या आत बंद करताच येत नाही. ही किमान वेळ आपण 200 मायक्रोसेकंद धरू.

सेकंदाला 360 फेऱ्या असतील तर एक फेरी सुमारे 2,780 मायक्रोसेकंदांची होते. तिच्यातले 200 म्हणजे 7.2 टक्के. याहून कमी ड्यूटी रेशो हा चॉपर देऊच शकत नाही. 300 अॅम्पिअरसाठी 8 टक्के लागत होते, ते कसेबसे बसतात. पण प्रवाशाला धक्का न देता निघायचे तर सुरुवात 100 अॅम्पिअरपासून करायला हवी, आणि त्यासाठी लागतात 20 व्होल्ट, म्हणजे 2.7 टक्के. 360 च्या वेगाने ते जमणार नाही. तोडण्याचा वेग 90 वर आणला की एक फेरी 11,100 मायक्रोसेकंदांची होते, त्याच 200 मायक्रोसेकंदांचा वाटा 1.8 टक्क्यांवर येतो आणि 2.7 टक्के आरामात मिळतात. गाडी अलगद सुटते.

मग कायम 90 वरच का राहू नये? कारण फेरी लांब असली की करंट जास्त हेलकावतो. हे हेलकावे ड्यूटी रेशो 50 टक्क्यांच्या आसपास असताना सर्वांत मोठे असतात. आपल्या उदाहरणात मोटरी आणि रिअॅक्टर मिळून 10 मिलिहेन्रीची गुंडाळी धरली तर 90 च्या वेगाने करंट तिथे सुमारे 208 अॅम्पिअर वर-खाली होईल, 360 च्या वेगाने फक्त 52. निघताना ड्यूटी रेशो लहान असतो, हेलकावेही लहान असतात, तेवढ्यापुरता कमी वेग चालून जातो. पुढे तो चढवत न्यावाच लागतो. फलाटावर ऐकू येणारा आवाज या चढण्याचा असतो.

पायऱ्या ठराविक आकड्यांच्याच असण्यामागे रेल्वेचे आणखी एक कारण असते. रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखणारी सिग्नलची यंत्रणा ठराविक फ्रिक्वेन्सीच्या करंटवर चालते. चॉपरने तोडलेल्या करंटचा अंश त्याच फ्रिक्वेन्सीवर रुळात उतरला तर सिग्नलची गफलत होऊ शकते. म्हणून चॉपरचे वेग असे निवडतात की त्यांच्या पटी सिग्नलच्या वाटेला जाणार नाहीत. शिवाय गाडीच्या तोंडाशी रिअॅक्टर आणि कपॅसिटरची गाळणी बसवतात. या गाळणीचा स्वतःचा एक झुलण्याचा वेग असतो. तो चॉपरच्या सर्वांत कमी वेगाच्याही बराच खाली ठेवावा लागतो, नाहीतर गाळणीच झुलू लागेल आणि व्होल्टेज उसळेल.

हे झाले सिरीज जोडणीचे. मोटरी पहिल्यापासून पॅरलल ठेवल्या असत्या तर? 100 अॅम्पिअरसाठी प्रत्येकीला 10 व्होल्ट पुरले असते, म्हणजे ड्यूटी रेशो 1.3 टक्के. तो 90 च्या वेगानेही मिळत नाही. चॉपरचा सर्वांत छोटा घोटसुद्धा मोटरींना मोठा पडतो आणि गाडी हिसका देऊन निघते. शिवाय चॉपरच्या डायोडमधून 300 ऐवजी 600 अॅम्पिअर जवळजवळ सगळा वेळ फिरत राहतात आणि तो तापतो.

पुढचा प्रवास पाहू. 300 अॅम्पिअरला प्रत्येक मोटर ताशी किलोमीटरमागे 10 व्होल्ट उलटा व्होल्टेज तयार करते असे धरले तर ताशी 10 किलोमीटरला ड्यूटी रेशो 35 टक्के, 20 ला 61, 30 ला 88 आणि 34.5 ला पूर्ण 100 होतो. सिरीजमध्ये याहून जास्त देण्यासारखे काही उरत नाही. आता मोटरी पॅरलल होतात. प्रत्येकीला अजूनही 375 व्होल्टच हवेत, म्हणून ड्यूटी रेशो एकदम 50 टक्क्यांवर खाली येतो आणि तिथून पुन्हा चढत ताशी 72 किलोमीटरला 100 होतो. पुढे वेग हवा असेल तर फील्ड कमकुवत करतात.

त्या बदलाच्या क्षणी लाइनच्या करंटचे काय होते? सिरीजमध्ये 300 अॅम्पिअरचे 100 टक्के, म्हणजे 300. पॅरललमध्ये 600 अॅम्पिअरचे 50 टक्के, म्हणजे पुन्हा 300. लाइनला काही कळलेच नाही. रेझिस्टन्सच्या गाडीत याच क्षणी लाइनवरचा भार दुप्पट झाला असता.

या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि पाठ्यपुस्तकांत ती बरेचदा निसटते. सिरीज-पॅरलल जोडणीचा जन्म वीज वाचवण्यासाठी झाला. चॉपर आल्यावर तिचे ते कामच संपले, कारण चॉपरला मोटरी कशाही जोडा, लाइनमधून तो लागेल तेवढीच वीज घेतो. तरी काही चॉपर गाड्यांत ही जोडणी राहिली ती निराळ्या कारणांसाठी: निघताना बारीक नियंत्रण मिळावे, डायोड कमी तापावा आणि पुढे दिसेल तसे ब्रेकचे गणित जुळावे. उलट अनेक रेल्वेंनी हिशेब केला की जोडणी बदलायची तर कॉन्टॅक्टर हवेत, ते झिजतात, बदलताना जोर क्षणभर पडतो, मग हवेच कशाला? जपानमध्ये 1500 व्होल्टच्या लाइनवर 375 व्होल्टच्या चार मोटरी कायमच्या सिरीजमध्ये बांधून टाकण्याची पद्धत रुळली. जोडणी एकदाच ठरली की बाकीचे सगळे काम ड्यूटी रेशोवर सोपवता येते. देखभालीच्या बाजूने पाहिले तर हाच निर्णय शहाणपणाचा होता.

ब्रेकचा भाग याहून चमत्कारिक आहे. थांबताना मोटर जनरेटर बनते, पण तिचा व्होल्टेज लाइनपेक्षा कमी असतो. कमी व्होल्टेजकडून जास्तीकडे वीज जाणार कशी? इथे चॉपर उलटे काम करतो. तो चालू असताना मोटरीची दोन टोके जोडून टाकतो आणि करंट वाढू देतो. बंद झाला की वाढलेल्या करंटला लाइनशिवाय वाट उरत नाही. गुंडाळी करंट पडू देत नाही, ती स्वतःचा व्होल्टेज उंचावते आणि वीज एका डायोडमधून लाइनमध्ये ढकलते. सूत्र असे होते:

V_m = (1 − D) × V

ताशी 20 किलोमीटरला आपल्या दोन मोटरी सिरीजमध्ये मिळून सुमारे 340 व्होल्ट देतील. म्हणजे फेरीचा 55 टक्के भाग चॉपर चालू आणि 45 टक्के भाग वीज लाइनकडे. छान चालते. पण ताशी 50 किलोमीटरला त्याच मोटरी सिरीजमध्ये 940 व्होल्ट देतात आणि लाइन आहे 750 ची. चॉपर पूर्ण बंद ठेवला तरी करंट डायोडमधून लाइनकडे धावत सुटतो आणि त्याला आवरणारे कुणीच उरत नाही. वर चढवणारा चॉपर व्होल्टेज उतरवू शकत नाही. म्हणून जास्त वेगात ब्रेक लावायचा तर मोटरी पॅरलल हव्यात, म्हणजे 470 व्होल्टच राहतात, नाहीतर फील्ड कमकुवत करायला हवे. गाडी निघते सिरीजमध्ये आणि थांबायला सुरुवात करते पॅरललमध्ये.

पण पॅरललमध्ये एक सापळा आहे. दोन सिरीज जनरेटर शेजारी-शेजारी जोडले की समतोल टिकत नाही. एकीचा करंट थोडा जरी जास्त झाला तरी तिचे फील्ड बळकट होते, त्यामुळे तिचा व्होल्टेज वाढतो, त्यामुळे करंट आणखी वाढतो. काही क्षणांत एक मोटर सगळा भार घेते आणि दुसरी जनरेटर राहण्याऐवजी उलटी फिरवली जाऊ लागते. चाकांवर याचा अर्थ असा की दोन आसांवरचा ब्रेकचा जोर सारखा राहत नाही. उपाय मात्र फारच देखणा आहे: पहिल्या मोटरचे आर्मेचर दुसरीच्या फील्डमधून जोडायचे आणि दुसरीचे पहिलीच्या. आता पहिलीचा करंट वाढला की बळकट होते ते दुसरीचे फील्ड. दुसरीचा व्होल्टेज वाढतो, ती आपला वाटा उचलते आणि समतोल आपोआप परत येतो. काही तारांची अदलाबदल, बस्स.

परत पाठवलेली वीज घ्यायला लाइनवर कुणीतरी हवे, हीही एक मर्यादा. सकाळच्या गर्दीत थांबणाऱ्या गाडीची वीज जवळच निघणारी दुसरी गाडी घेते. रात्री उशिरा आसपास गाडी नसेल आणि सबस्टेशनचे रेक्टिफायर वीज उलट दिशेने नेत नसतील, तर लाइनचा व्होल्टेज चढू लागतो. तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की नियंत्रण यंत्रणेला वीज परत पाठवणे थांबवावे लागते आणि ब्रेकचे काम हवेच्या ब्रेककडे किंवा रेझिस्टन्सकडे सोपवावे लागते. अगदी शेवटी, ताशी पाच-सहा किलोमीटरच्या खाली, मोटरचा व्होल्टेज इतका कमी होतो की परत करण्यासारखे काही उरत नाही. तिथेही हवेचा ब्रेकच गाडी उभी करतो.

आणि बिघाड? थायरिस्टर चॉपरचा सर्वांत धोकादायक बिघाड म्हणजे कम्युटेशन फसणे. कपॅसिटर पुरेसा भरला नाही, लाइनचा व्होल्टेज अचानक पडला किंवा करंट मर्यादेपेक्षा जास्त झाला, की मुख्य थायरिस्टर बंद होत नाही. ड्यूटी रेशो न मागता 100 टक्के होतो. गाडी हळू असेल तर हे फारच वाईट, कारण उलटा व्होल्टेज कमी आणि मोटरीवर अचानक पूर्ण 750. करंट रिअॅक्टरमुळे थोड्या सवडीने, पण वाढतच जातो. त्याच सवडीत हायस्पीड सर्किट ब्रेकर उडायला हवा. डब्यातल्या प्रवाशाला एक जोराचा धक्का जाणवतो, मग त्या डब्याची ओढ संपते आणि बाकीचे डबे त्याला ओढत नेतात. शेडमध्ये आलेल्या अशा गाडीत मुख्य थायरिस्टर धडधाकट सापडला तर तंत्रज्ञ आधी कम्युटेशनचा कपॅसिटर तपासतो, कारण वयोमानाने त्याची धारणशक्ती घटते आणि गर्दीच्या वेळच्या मोठ्या करंटला तोडणे त्याला जमेनासे होते. रिकामी गाडी ठीक चालते आणि भरलेली उडते, असे असेल तर संशय आणखी पक्का होतो.

1980 च्या दशकात गेटच्या सिग्नलने बंदही करता येणारे जीटीओ थायरिस्टर आले आणि कम्युटेशनचा पसारा आटोपला. पण त्याच जीटीओंनी डीसीपासून थ्री-फेज एसी तयार करणारे इन्व्हर्टरही शक्य केले. मग ब्रश आणि कॉम्युटेटर असलेली डीसी मोटरच मागे पडली. तिचे कार्बन ब्रश झिजतात, कॉम्युटेटरवर ठिणग्या पडतात, काळी भुकटी साचते आणि ठराविक मुदतीने मोटर उघडून साफ करावी लागते. थ्री-फेज इंडक्शन मोटरला यातले काहीच लागत नाही. मुंबईच्या लोकल तर बहुतांशी कॅमशाफ्टवरून थेट थ्री-फेजवर आल्या. टोकियोच्या चियोदा लाइनवरून 6000 मालिकेची शेवटची गाडी 2018 मध्ये निवृत्त झाली आणि तिच्या भावंडांपैकी बऱ्याच गाड्या त्याआधीच जकार्ताच्या लोकल सेवेत पोहोचल्या होत्या.

चॉपर मात्र गाडीतून गेलेला नाही. आजच्या थ्री-फेज मेट्रोमध्येही अनेकदा इन्व्हर्टरच्या शेजारी एक ब्रेक चॉपर बसवलेला असतो. ब्रेकची वीज घ्यायला लाइन तयार नसली की तो ड्यूटी रेशो वाढवत जातो आणि ती वीज मोजून-मापून छतावरच्या किंवा डब्याखालच्या रेझिस्टन्समध्ये जाळतो.